मालिशच्या तेलात किती थेंब?

लॅव्हेंडर, निलगिरी, गवती चहा किंवा लवंग यांची इसेन्शियल ऑइल्स त्वचेवर थेट लावण्यासाठी बनवलेली नसतात. ऊर्ध्वपातनाने किंवा फळाची साल दाबून वनस्पतीतला उडून जाणारा सुगंधी भाग वेगळा काढला की हे तेल मिळते. पानाफुलांत तो भाग अगदी थोडा असतो आणि बाटलीत मात्र दुसरे काहीच नसते. म्हणून तो तिळाच्या, बदामाच्या किंवा खोबरेल तेलासारख्या साध्या वनस्पती तेलात मिसळावा लागतो. या साध्या तेलाला वाहक तेल म्हणतात. इसेन्शियल ऑइल किती आणि वाहक तेल किती, हे प्रमाण टक्क्यांत सांगितले जाते.

आयुर्वेदातली औषधी तेले वेगळी. त्यांत वनस्पतीचा काढा आणि कल्क तिळाच्या तेलात शिजवून मुरवलेला असतो आणि तयार तेल तसेच अंगाला लावायचे असते. दिवाळीच्या अभ्यंगाला वापरले जाणारे बाजारी सुगंधी तेलही बहुधा आधीच पातळ केलेले असते. पुढचा सगळा हिशेब या तेलांसाठी नाही. तो लहान काचेच्या बाटलीत विकल्या जाणाऱ्या शुद्ध इसेन्शियल ऑइलसाठी आहे. बाटलीत नक्की काय आहे याची शंका असेल तर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून एक दिवस ठेवावा. शुद्ध इसेन्शियल ऑइल बहुतांशी उडून जाते. तेलकट पारदर्शक डाग तसाच राहिला तर त्यात आधीच वाहक तेल मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. चंदन किंवा वाळा यांच्यासारखी जड तेले मात्र थोडा डाग ठेवतात, एवढा अपवाद ध्यानात धरावा. बाटलीवर ‘फ्रेग्रन्स ऑइल’ किंवा ‘परफ्यूम ऑइल’ असे लिहिले असेल तर ते कृत्रिम सुगंधाचे मिश्रण असते. त्यात कोणते घटक आहेत हे कळत नसल्यामुळे ते मालिशसाठी धरूच नये.

टक्क्यांचा हिशेब सोपा आहे. १०० मिलिलिटर मिश्रणात १ मिलिलिटर इसेन्शियल ऑइल असेल तर ते एक टक्का. घरी मोजमाप थेंबांनी होते आणि सर्वसाधारण रूढी २० थेंबांचा एक मिलिलिटर धरण्याची आहे. या हिशेबाने ३० मिलिलिटर वाहक तेलात ६ थेंब म्हणजे एक टक्का, १२ थेंब म्हणजे दोन आणि १८ थेंब म्हणजे तीन टक्के. वाहक तेलात थेंब वर घातल्याने एकूण मिश्रण किंचित वाढते, पण घरगुती वापरात तो फरक नगण्य असतो.

खरी अडचण थेंबाची आहे. बाटलीच्या तोंडाचे भोक, तेलाचा दाटपणा आणि खोलीतली उष्णता यांवर थेंबाचा आकार ठरतो. काही बाटल्यांतून एका मिलिलिटरचे ३० किंवा त्याहून जास्त थेंब पडतात. २०चा हिशेब थेंब मोठा धरतो, म्हणून चूक झालीच तर मिश्रण बहुधा ठरवल्यापेक्षा पातळ होते आणि ते सुरक्षितच असते. पण बाटलीचे तोंड सैल असेल किंवा थेंबाऐवजी धारच लागली, तर प्रमाण दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. त्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारी एक मिलिलिटरची सिरिंज सुई काढून वापरावी. एकदा तिच्यात थेंब मोजून पाहिले की आपल्या बाटलीचा खरा हिशेब कळतो. सिरिंजचे रबर या तेलांनी फुगते आणि तेलात उतरतेही, म्हणून मोजमाप झटपट उरकून ती टाकून द्यावी. साठवणीसाठी ती वापरू नये.

आता टक्के किती? निरोगी मोठ्या माणसाच्या अंगाला अधूनमधून मालिश करायची असेल तर दोन टक्के हे चांगले प्रमाण आहे आणि तीन टक्क्यांपुढे जाण्याचे कारण सहसा पडत नाही. आंघोळीनंतर रोज अंगाला लावायच्या तेलात एक टक्का पुरे, फार तर दोन. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का. आखडलेला खांदा किंवा दुखरा गुडघा अशा लहान भागावर, तेही थोडेच दिवस, काही सौम्य तेले पाच टक्क्यांपर्यंत वापरली जातात. साठी उलटलेल्यांची पातळ झालेली त्वचा, इसबाची त्वचा किंवा चटकन लाल होणारी त्वचा असेल तर मालिशलाही एक टक्क्याच्या वर जाऊ नये. त्वचा फुटलेली, भाजलेली किंवा नुकतीच वॅक्स केलेली असेल तर तिथे काहीच लावू नये, कारण तिथला अडसर मोडलेला असतो आणि तेल जास्त प्रमाणात आत जाते.

चेहऱ्याला अर्धा टक्का आणि पाठीला दोन टक्के, हा फरक केवळ चेहरा नाजूक म्हणून नाही. वारंवारतेचा भाग तितकाच मोठा आहे. महिन्यातून दोनदा केलेली मालिश तासाभरात धुतली जाते. चेहऱ्याचे तेल मात्र रोज लावले जाते आणि रात्रभर तिथेच राहते. एखाद्या पदार्थाशी त्वचेचा संबंध जितका वारंवार आणि लांबलेला, तितकी त्या पदार्थाची ॲलर्जी जडण्याची शक्यता वाढते.

इथे दोन वेगळे त्रास ओळखायला हवेत. पहिला म्हणजे चुरचुर. मिश्रण तीव्र झाले की काही मिनिटांत किंवा तासांत आग होते, त्वचा लाल होते, धुऊन टाकले की ओसरते आणि प्रमाण कमी केले की पुन्हा होत नाही. दुसरा त्रास संपर्कजन्य ॲलर्जीचा. तो फसवा आहे. एखादे तेल आठवडे किंवा महिने बिनतक्रार वापरले जाते आणि तेवढ्या काळात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यातला एखादा घटक शत्रू म्हणून ओळखायला शिकते. मग एके दिवशी लावल्यावर एकदोन दिवसांनी खाज, पुरळ, बारीक पाणी भरलेले फोड येतात आणि तेल लावले त्या जागेच्या बाहेरही पसरतात. एकदा ही ओळख पटली की ती बहुधा आयुष्यभर टिकते. नंतर तेच तेल अगदी पातळ केले तरी त्रास होतो. तोच घटक साबणात, क्रीममध्ये किंवा अत्तरात असला तरी होतो. प्रमाण पाळण्यामागे चुरचुर टाळणे हे छोटे कारण आहे. मोठे कारण ही कायमची ॲलर्जी टाळणे आहे.

म्हणूनच सगळ्या तेलांना एकच टक्केवारी लागू करता येत नाही. दोन टक्के ही शरीराच्या भागाची मर्यादा झाली. प्रत्येक तेलाचीही स्वतःची मर्यादा असते आणि दोघींतली जी कमी ती पाळायची असते. या मर्यादा रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांच्या २०१४ साली दुसरी आवृत्ती निघालेल्या इसेन्शियल ऑइल सुरक्षेवरच्या संदर्भग्रंथात तेलानुसार दिलेल्या आहेत. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हीही घटकानुसार मर्यादा ठरवते आणि वेळोवेळी त्या बदलते. टिसरँड आणि यंग यांच्या ग्रंथानुसार गवती चहाच्या तेलाची त्वचेवरची मर्यादा ०.७ टक्के, लवंगेच्या कळीच्या तेलाची ०.५ टक्के आणि दालचिनीच्या सालीच्या तेलाची अवघी ०.०७ टक्के आहे. टी ट्रीसारख्या तेलाची मर्यादा याच ग्रंथात बरीच वर आहे, म्हणून तिथे शरीराच्या भागाची मर्यादाच निर्णायक ठरते.

या आकड्यांमागे तेलातला मुख्य घटक असतो. गवती चहाच्या तेलात सिट्रल नावाचे द्रव्य बहुतांशी असते आणि लिंबासारखा वास त्याचाच. लवंगेत युजेनॉल असते, दालचिनीच्या सालीत सिनामाल्डिहाइड. तिन्ही द्रव्ये त्वचेला ॲलर्जी जडवण्यासाठी ओळखली जातात. दालचिनीच्या सालीचे तेल ५० मिलिलिटर वाहक तेलात एक थेंब घातले तरी मर्यादा ओलांडली जाते, कारण त्या एका थेंबासाठी सुमारे ७० मिलिलिटर तेल लागते. हे तेल घरगुती मालिशमधून सरळ वगळणे शहाणपणाचे. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मर्यादा घटकाची असते, त्यामुळे एकच घटक असलेली दोन तेले एकत्र केली तर त्यांची बेरीज धरावी लागते. लवंग आणि युजेनॉलप्रधान तुळस दोन्ही आपापल्या मर्यादेत घातली, तरी दोघांचे युजेनॉल मिळून मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकते.

एक मिश्रण प्रत्यक्ष करून पाहिले की हे सगळे जागेवर बसते. समजा एका निरोगी मोठ्या माणसाच्या पाठ, खांदे आणि पायांच्या मालिशसाठी ५० मिलिलिटर तेल बनवायचे आहे. वाहक म्हणून तिळाचे तेल घेतले आणि सुगंधासाठी लॅव्हेंडर व गवती चहा हवा आहे. शरीराच्या मालिशची मर्यादा दोन टक्के, म्हणजे ५० मिलिलिटरला एकूण १ मिलिलिटर, २० थेंब. ही दोन्ही तेलांची मिळून एकूण मर्यादा. आता गवती चहाची स्वतःची मर्यादा ०.७ टक्के, म्हणजे ०.३५ मिलिलिटर, ७ थेंब. ते ७ थेंब घातले की उरतात १३, आणि ते लॅव्हेंडरचे. गवती चहाचा वास इतका उग्र असतो की प्रत्यक्षात चारपाच थेंबांतच तो लॅव्हेंडरच्या वर चढतो, त्यामुळे मर्यादेपर्यंत जाण्याची गरजही पडत नाही. गवती चहाचे ५ आणि लॅव्हेंडरचे १० थेंब घेतले तर मिश्रण दीड टक्क्याचे होते. गवती चहा अर्ध्या टक्क्यावर राहतो आणि सुगंध भरपूर येतो. यात दोन्ही तेलांचे वीसवीस थेंब घातले असते, तर गवती चहाचे प्रमाण दोन टक्के झाले असते, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. मिश्रण एकूण चार टक्क्यांचे झाले असते आणि तरी बाटलीकडे पाहून काहीच कळले नसते.

अशी एक मालिश करायला पंधरा ते वीस मिलिलिटर तेल लागते. त्यातून दीड टक्क्याच्या हिशेबाने पाठीपासून पायांपर्यंत पसरणारे इसेन्शियल ऑइल पाच-सहा थेंब भरते. तेच पाच-सहा थेंब तळहातावर घेऊन मानेच्या एका ठिकाणी चोळले, तर शरीरात जाणारी एकूण मात्रा तितकीच, पण त्या बोटभर त्वचेवर पडणारा भार कितीतरी पटींनी जास्त. त्वचेची प्रतिक्रिया याच भारावर अवलंबून असते.

वाहक तेल निवडताना त्याचा स्वतःचा स्वभाव पाहावा लागतो. तिळाचे, बदामाचे किंवा खोबरेल तेल बहुतेकांना चालते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणून थंडीत त्यात थेंब सारखे मिसळत नाहीत आणि बाटलीच्या एका भागात इसेन्शियल ऑइल जास्त राहू शकते. घालण्याआधी ते पातळ करून घ्यावे. मोहरीच्या तेलातला झणझणीतपणा त्वचेला स्वतःच चुरचुर करतो, त्यामुळे त्यात आणखी इसेन्शियल ऑइल मिसळणे टाळावे. शेंगदाणा किंवा बदाम यांची ॲलर्जी असलेल्यांनी ती तेले वाहक म्हणून घेऊ नयेत. अभ्यंगाला तेल कोमट करायची पद्धत आहे. तेव्हा आधी वाहक तेल गरम पाण्याच्या वाटीत ठेवून कोमट करावे आणि मग थेंब घालावेत. इसेन्शियल ऑइल ज्वालाग्राही असते, ते गॅसवर तापवणे धोक्याचे आहे.

थेंब बादलीभर पाण्यात टाकून आंघोळ करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. तो चुकीचा आहे. इसेन्शियल ऑइल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि पहिल्या तांब्यात अंगावर आहे तसेच येते, शिवाय नाजूक जागी चिकटून बसते. पातळ करायला पाणी उपयोगी पडत नाही, तेलच लागते. आंघोळीला सुगंध हवा असेल तर आधी तेलात योग्य प्रमाणात मिसळून ते अंगाला लावावे आणि मग आंघोळ करावी.

साल दाबून काढलेल्या लिंबूवर्गीय तेलांना उन्हाची एक वेगळी अट आहे. बर्गमोट, लिंबू यांच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात आणि त्यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोनमहिने राहतात. कोडावरच्या पारंपरिक उपचारात बावची लावून उन्हात बसवतात ते याच गुणासाठी, आणि तिथेही भाजण्याचा धोका तोच असतो. बर्गमोटची मर्यादा या कारणाने ०.४ टक्के आणि दाबून काढलेल्या लिंबाची २ टक्के धरलेली आहे. याहून जास्त प्रमाण लावले असेल तर निदान १२ तास त्या भागावर ऊन पडू देऊ नये. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लिंबाच्या तेलात ही द्रव्ये येत नाहीत, म्हणून बाटलीवर तेल कोणत्या पद्धतीने काढले आहे ते वाचावे.

प्रमाण बरोबर असूनही त्रास होण्याचे एक कारण म्हणजे जुने तेल. हवा लागली की लॅव्हेंडरमधल्या लिनालूलपासून आणि लिंबूवर्गीय तेलांतल्या लिमोनिनपासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची द्रव्ये तयार होतात. ताज्या तेलापेक्षा ही द्रव्ये कितीतरी जास्त ॲलर्जी जडवतात. टी ट्री तेलाचेही तेच होते. आठवडाभर कपाटावर उघडे राहिलेले झाकण, अर्ध्याहून रिकामी झालेली बाटली आणि खिडकीतले ऊन या तीन गोष्टी तेल लवकर बिघडवतात. वास बोथट किंवा तुरट झाला, तेल दाट झाले की ते त्वचेवर वापरू नये. अशा तेलात व्हिटॅमिन ई घातल्याने झालेला बिघाड दुरुस्त होत नाही. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण आणि थंड जागा हवी. लिंबूवर्गीय तेले उघडल्यापासून वर्षभरात संपवावीत. मिश्रण महिन्याभरापुरतेच करावे आणि त्यावर तारीख व प्रमाण लिहून ठेवावे.

नवे मिश्रण लावण्याआधी चाचणी करायची ती तयार मिश्रणाचीच. शुद्ध तेलाची चाचणी करू नये, त्यानेच ॲलर्जी सुरू होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचे एकदोन थेंब लावून तो भाग दोन दिवस पाहावा. काहीच झाले नाही तर चुरचुर आणि आधीपासून असलेली ॲलर्जी यांबाबत थोडी खात्री मिळते. रोज वापरायचे तेल असेल तर त्याच जागी दिवसातून दोनदा आठवडाभर लावून पाहणे अधिक उपयोगी, कारण त्वचारोगतज्ज्ञही अशीच पुनःपुन्हा लावण्याची चाचणी वापरतात. मात्र पुढे नव्याने ॲलर्जी जडणारच नाही, हे कोणतीही घरगुती चाचणी सांगू शकत नाही.

काही माणसांसाठी वरचे आकडे लागू नाहीत. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नये आणि त्यांनी परवानगी दिली तरी एक टक्का ओलांडू नये. फिट येण्याचा आजार असलेल्यांनी कापूर, निलगिरी आणि रोझमेरी यांची तेले टाळावीत. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी गंधपुऱ्याचे, म्हणजे विंटरग्रीनचे तेल आणि ते असलेले दुखण्यावरचे मलम डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. त्यातले मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून रक्तात जाऊन त्या औषधाचा परिणाम वाढवते. लहान मुलांसाठीची प्रमाणे वेगळी असतात आणि निलगिरी व कापराची तेले त्यांच्या हाती लागणार नाहीत अशीच ठेवावीत.

शुद्ध तेल चुकून अंगावर सांडले तर आधी साध्या वनस्पती तेलाने किंवा कोरड्या कापडाने ते पुसून घ्यावे आणि मग साबणाने धुवावे. पाणी आधी ओतले तर तेल फक्त पसरते. डोळ्यात गेले तर मात्र थांबू नये, वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. मालिश करताना आग वाटू लागली तर सहन करत पुढे न जाता मिश्रण साबणाने धुऊन टाकावे. दोन दिवसांनंतरही खाज आणि फोड वाढत असतील तर त्या तेलाची बाटली सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण पॅच टेस्टसाठी नेमका घटक ओळखायला ती उपयोगी पडते. कुणी इसेन्शियल ऑइल प्यायले असेल तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसांत जाऊ शकते. निलगिरीचे काही मिलिलिटरसुद्धा झटके आणि गुंगी आणू शकते, म्हणून लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठावे.